साहेब ‘बिगिन’ म्हणेल

मी आयुष्यात तीन शब्दांवर पोट भरलं असं कोणी म्हणालं तर मी भांडायला जाणार नाही. बाकीही पुष्कळ शिकवलं मी, पण माझं नाव झालं ते या तिघांमुळे: कमेन्स, बिगिन आणि स्टार्ट. कलकत्त्यात भवानीपूरला एका कमर्शियल इन्स्टिट्यूटमध्ये मी पत्रव्यवहाराचं इंग्रजी शिकवायचो. खालच्या मजल्यावर टाइपरायटरांचा खडखडाट, वरच्या खोलीत माझा फळा. वय चोवीस, अंगात शर्ट-पँट आणि डोक्यात शेखी.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. पूर्व बंगालातून आलेल्या घरांमधल्या बायका, ज्यांनी कधी उंबरा ओलांडला नव्हता, त्या आमच्याकडे पहिल्या बाकांवर येऊन बसायच्या. मान खाली घालून टिपणं उतरवायच्या. त्यांना ऑफिसात नोकरी हवी होती आणि ऑफिसात पत्राची भाषा लागत होती. साहेब गेले, राज्य गेलं, पण पत्राची भाषा मात्र जागची हलली नव्हती.

मी फळ्यावर तीन रकाने आखायचो. पहिल्यात कमेन्स. हा कागदाचा शब्द. नोटीस, करार, नियम, अर्ज, शाळेचं सत्र, कामावर रुजू होणं, हे सगळं पत्रात ‘कमेन्स’ होतं. त्यातही एक खोच होती. ‘कमेन्स ड्यूटीज’ म्हणायचं, ‘कमेन्स टु वर्क’ म्हणायचं नाही. दुसऱ्या रकान्यात बिगिन. हा उभं राहून बोलण्याचा शब्द. सभेत चार माणसांसमोर भाषण करताना ‘कमेन्स’ म्हणालात तर वकिलाची नोटीस वाचल्यासारखं वाटतं, तिथे ‘लेट अस बिगिन’. तिसऱ्या रकान्यात स्टार्ट. हा घरगुती शब्द. मोटार स्टार्ट होते, इंजिन स्टार्ट होतं, माणूस हावड्याहून आठ वाजता स्टार्ट होतो, म्हणजे निघतो. अर्जात स्टार्ट लिहिलंत तर अर्ज टोपलीत, असं मी टेबलावर डस्टर आपटून सांगायचो.

घरी मराठीत सांगताना मला ते आणखी सोपं जायचं. स्वयंपाक सुरू होतो, भाषणाला सुरुवात होते आणि कार्यक्रमपत्रिकेवर मात्र ‘कार्यक्रमास प्रारंभ’ छापतात. स्वयंपाकाला प्रारंभ केला असं कोणी म्हणालं तर आपण हसू. तसंच ते. हे उदाहरण मी पहिल्यांदा वहिनीला दिलं होतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आई-वडील आमचे लवकर गेले. भावानेच मला कलकत्त्याला आणलं, शिकवलं. तो डलहौसी स्क्वेअरजवळ एका व्यापारी कंपनीत होता. कंपनी विलायती, वरचा साहेबही विलायती. त्या उन्हाळ्यात टायफॉईडने भाऊ अठरा दिवसांत गेला. मागे वहिनी, वय सव्वीस, चार वर्षांची मुलगी आणि मी. दोन खोल्यांत आम्ही तिघं.

दोन महिने गेले आणि गावाहून काकांचं पत्र आलं. काका कऱ्हाडच्या बाजूला असायचे, घराण्यात थोरले. त्यांनी लिहिलं होतं ते सरळ होतं आणि त्यांच्या जागी ते चूकही नव्हतं. तरुण विधवा सून आणि बिनलग्नाचा दीर एका छपराखाली, परमुलखात, हे बरं दिसत नाही. पुण्याला बदली होऊन निघालेलं एक ओळखीचं कुटुंब अमुक शनिवारी मुंबई मेलने जाणार आहे, त्यांच्या सोबतीने मायलेकींना पाठवून दे. खाली एक ओळ होती, ती बहुधा काकूच्या सांगण्यावरून आली असावी: तिला तिथे रीतसर नोकरी मिळून वेगळं राहता येत असेल तर मात्र आमची आडकाठी नाही.

त्या एका ओळीला वहिनीने घट्ट धरलं. तळमजल्यावर आमची बंगाली घरमालकीण राहायची, तिला सगळे माशीमा म्हणायचे. नोकरी लागली तर मायलेकींना मी माझ्या शेजारची खोली देते, असं तिने कबूल केलं होतं. काकांकडे गेलं की काय होणार हे वहिनीला ठाऊक होतं. त्या घरात आधीच एक विधवा आत्या होती. पहाटे उठून ती चुलीपुढे बसायची ती दिवेलागणीलाच उठायची. “मी बसेन हो चुलीपुढे,” वहिनी म्हणाली, “पण हिला कोण शाळेत घालेल? तिथे मुलींना सातवीपुढे कोण विचारतं?”

वहिनी साताऱ्याची मॅट्रिक होती. टायपिंग तिने भाऊ असतानाच हौसेने शिकून घेतलं होतं. भावाच्या ऑफिसात पत्रव्यवहार खात्यात एक जागा रिकामी झाली. तिथले बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, भावाचे जिवाभावाचे. त्यांनी निरोप पाठवला, अर्ज करा, साहेबांना मृताच्या घरच्या माणसांबद्दल कळवळा आहे, पण काम यायला हवं, पत्र लिहिता यायला हवं आणि समोरासमोर बोलता यायला हवं.

मग काय, मी शिक्षक घरातच. रोज संध्याकाळी मी तिला पाटावर बसवून अर्ज लिहायला लावायचो. पहिल्या अर्जात तिने लिहिलं, ‘आय कॅन स्टार्ट वर्क फ्रॉम मंडे.’ मी लाल पेन्सिलीने ‘स्टार्ट’ असा खोडला की कागद फाटला.

“एवढं काय झालं?” ती म्हणाली. “आमच्या मास्तरांनी असंच शिकवलं होतं.”

“तुमच्या मास्तरांना साताऱ्यात एक्का स्टार्ट करायचा होता, वहिनी. तुम्हाला कंपनीत जायचंय.”

ती हसली. भाऊ गेल्यावर ती पहिल्यांदा हसली होती, त्यामुळे मला आणखीच चेव आला. मी तीन रकाने आखले, नियम सांगितले, प्रारंभ आणि सुरू यांचा फरक सांगितला. दोन दिवसांत अर्ज असा उतरला की आमच्या प्रिन्सिपॉलनीही त्यात काना-मात्रा बदलला नसता. ‘आय शॅल बी एबल टु कमेन्स ड्यूटीज ऑन एनी डेट कन्व्हीनिएंट टु यू.’ वाक्य तिचं तिने लिहिलं. मी फक्त ‘वा’ म्हणालो.

मग तोंडी तयारी. मी साहेब व्हायचो, खुर्चीत पाय पसरून बसायचो. तिला प्रश्न विचारायचो आणि ती उभी राहून उत्तरं द्यायची. पुतणी बाजूला बसून माझ्या विलायती आवाजाला खिदळायची. तेव्हा एकदा वहिनीने विचारलं, “भावोजी, कागदावरचं कळलं. पण साहेब बोलताना काय म्हणेल?”

“कशाबद्दल?”

“कामावर कधी येणार, असं विचारायचं असेल तर. कमेन्स म्हणेल की काय?”

हा प्रश्न माझ्या वर्गात कोणी कधी विचारला नव्हता. आम्ही सगळे पत्रं लिहिणारे. साहेब कसा बोलतो हे मी तरी कुठे ऐकलं होतं? आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये इंग्रज माणूस वर्षातून एकदा बक्षीस समारंभाला यायचा आणि भाषण करून जायचा. त्या भाषणांवरूनच माझं सगळं शास्त्र रचलेलं होतं. मला माहीत नाही, असं म्हणायला किती वेळ लागतो? पण चोवीस वर्षांच्या मास्तराच्या तोंडून ते निघेल तर शपथ.

“साहेब ‘बिगिन’ म्हणेल,” मी ठासून सांगितलं. “शिकलेला माणूस आहे. ‘स्टार्ट’ तो ड्रायव्हरला म्हणेल.”

“म्हणजे स्टार्ट म्हटलं की निघणं.”

“निघणं. गाडी, घोडा, प्रवास.”

तिने मान डोलवली. ती मन लावून ऐकणारी विद्यार्थिनी होती. सांगितलेलं विसरणाऱ्यातली असती तर बरं झालं असतं.

मुलाखत बुधवारी झाली आणि शनिवारी मुंबई मेल. ओळखीच्या कुटुंबाने तिकिटं काढून ठेवली होती, नोकरी लागली तर परत करू असं ठरलं होतं. वहिनी बारीक काठाचं पांढरं लुगडं नेसून, चपला पुसून गेली. मी वर्ग संपवून घरी आलो तेव्हा ती परत येऊन भात टाकत होती. पाठ माझ्याकडे. मी विचारलं, “काय झालं?”

“नाही झालं.”

“असं कसं? पत्र लिहायला दिलं?”

“दिलं. चांगलं लिहिलं. साहेबांनी ‘गुड’ म्हटलं. टायपिंग पाहिलं, तेही ‘गुड’. घरी कोण कोण आहे विचारलं, मी सांगितलं. मुलीबद्दल विचारलं. मग कागद मिटून ठेवले.” ती वळली आणि अगदी सावकाश, एकेक शब्द उच्चारत म्हणाली, “मग म्हणाले, ‘व्हेन कॅन यू स्टार्ट?’”

मी हातातल्या वह्या खाली ठेवल्या.

“मी मनात म्हटलं, नाही म्हणण्याची ही रीत असेल. चांगलं आहे, पण आता घरी कधी निघता? मी सांगितलं, ‘ऑन सॅटर्डे, सर. बाय द बॉम्बे मेल.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘ओह,’ म्हणाले. ‘आय ॲम सॉरी. आय डिड नॉट नो यू वेअर लीव्हिंग.’ प्रवास सुखाचा होवो म्हणाले. उठून दारही उघडलं.”

भाताचं पाणी उतू जात होतं आणि ती माझ्याकडे बघत उभी होती. मला सगळं एका क्षणात कळलं. साहेबाने तिला नोकरी दिली होती. कामावर कधी येता, एवढंच त्याने विचारलं होतं, जसा कोणीही इंग्रज माणूस समोरासमोर, तोंडी विचारेल तसं. बोलण्यात तो एकच शब्द तिन्ही रकान्यांचं काम करतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी तिला स्टार्ट म्हणजे निघणं असं शिकवलं आणि ती निघाली.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. त्या दिवशी तो मला बसला, पण मी कळवळलो नाही. मी म्हणालो, “बरं.” आणि हातपाय धुवायला गेलो.

मनात ठरवलं की सकाळी ऑफिसात जायचं आणि साहेबाला खरं काय ते सांगायचं. वहिनीला आत्ताच सांगून काय उपयोग, काम झालं की सांगू. अशी स्वतःची समजूत घालून मी जेवलोसुद्धा.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला मी ऑफिसात पोहोचलो. बडेबाबूंनी मला पाहून कपाळाला हात लावला. “आपनार बौदी तो निजेइ बोल्लेन, शोनिबार चोले जाच्छेन!” तुमची वहिनी तर स्वतःच म्हणाली, शनिवारी जाते. साहेबांनी मग दुसऱ्या बाईंना निवडलं होतं. त्यांचं पत्र टाइप होऊन सहीला गेलं होतं, अजून बाहेर पडलं नव्हतं. बडेबाबूंनी मला एक चिठ्ठी दिली, नाव आणि काम लिहा म्हणाले, साहेब पाच मिनिटांत बोलावतील. ते तसे देवमाणूस.

मी साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसलो. चिठ्ठीवर नाव लिहिलं. ‘काम’ पुढे काय लिहावं हे सुचेना. उमेदवाराचा गैरसमज झाला, असं लिहायचं. कशाने झाला? एका शब्दाने. तो शब्द तिला कोणी शिकवला? मी. तुम्ही कोण? अमुक इन्स्टिट्यूटमधला इंग्रजीचा शिक्षक, जिथून तुम्ही दरवर्षी दोन-तीन माणसं घेता. त्या साहेबाच्या तोंडावर उमटणारं हसू मला बाकावर बसूनच दिसत होतं. आणि बडेबाबूंच्या तोंडून ते आमच्या प्रिन्सिपॉलपर्यंत जाणार, तिथून वर्गात, पहिल्या बाकापर्यंत. डस्टर आपटणारा मास्तर तोंडघशी पडणार.

शिपाई सही झालेल्या पत्रांची फाईल घेऊन बाहेर आला. सगळ्यात वरचं पत्र मला वाचता आलं. त्या बाईंना सोमवारपासून ‘कमेन्स ड्यूटीज’ करायला कळवलं होतं. नाव पूर्व बंगालातलं दिसत होतं. मी लगेच ते कारण उचललं. तिलाही गरज असेल, तिच्या तोंडचा घास कशाला काढायचा? किती उदार होतो मी! माझी अब्रू वाचत असताना मला त्या अनोळखी बाईचा पुळका आला.

मी चिठ्ठी खिशात घातली आणि जिना उतरलो. घरी न जाता सरळ वर्गावर गेलो. त्या दिवशी काय शिकवलं आठवत नाही.

संध्याकाळी वहिनी दारातच उभी होती. मी चपला काढल्या. मी सांगितलं, “आज फार काम होतं.” ती “हो का,” म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने तिने फळीवरची ट्रंक काढली आणि पुतणीचे फ्रॉक घडी करायला घेतले.

शनिवारी मी दोघींना हावड्याला पोहोचवलं. पुतणीला आगगाडीचा आनंद झाला होता, तिने मला पुन्हा साहेबाच्या आवाजात बोलायला लावलं. मी बोललो. वहिनी खिडकीशी बसली होती, तिने फक्त एवढंच सांगितलं की दुधाचं भांडं माशीमांकडे राहिलंय, ते आणून घ्या.

पुढच्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वहिनीची पत्रं महिन्याला यायची, नंतर सणावारी. काकांनी छळ वगैरे केला नाही. पण चुलीपुढे दोन विधवा झाल्या. पुतणी सातवीपर्यंत शिकली, हुशार निघाली आणि सातवीनंतर घरी बसली. मी पैसे पाठवतो, तिला हायस्कुलात घाला, असं लिहिलं. काकांचं उत्तर आलं की मुलीची जात आहे, दुसऱ्या गावी कोण पोहोचवणार. मी पुन्हा लिहिलं नाही. वर्गात मात्र मी तिसरा रकाना बदलला होता. बोलताना सगळ्यालाच स्टार्ट म्हणतात, कामाला रुजू होण्यालाही, असं मी आता पहिल्याच दिवशी सांगायचो. कोणी विचारलं नाही तरी सांगायचो.

सोळाव्या वर्षी पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा मी गावी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. वहिनीचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. लग्नाच्या आदल्या दुपारी माणसं जरा कलंडली होती. ती मागच्या पडवीत नारळ सोलायला बसली होती, मी तिच्या मदतीला बसलो. लग्नपत्रिकेचा विषय निघाला. मजकूर कोणी लिहिला, मी विचारलं. “मीच,” ती म्हणाली. मग हातातला नारळ बाजूला ठेवून म्हणाली, “भावोजी, त्या दिवशी मला जिन्यातच कळलं होतं.”

“काय?”

“साहेबांनी काय विचारलं ते. तिथे त्यांची अँग्लो-इंडियन टायपिस्ट भेटली. तिने हसून माझा हात धरला आणि म्हणाली, ‘सो, व्हेन डू यू स्टार्ट?’ तिला वाटलं मला घेतलं. तेव्हा लख्ख कळलं.”

“मग परत वर का नाही गेलात?”

“काय सांगितलं असतं? शिकवलं कोणी, असं विचारलं असतं त्यांनी. तुमच्या इन्स्टिट्यूटचं तिथे नाव, तुमच्या वर्गातली माणसं ते घ्यायचे. तुमचं हसं झालं असतं.” तिने पुन्हा नारळ उचलला. “म्हणून घरी येऊन तुम्हाला शब्द जसाच्या तसा सांगितला. तुमच्या चेहऱ्यावरून दिसलं की तुम्हाला कळलं. म्हटलं, आता भावोजी जातील, त्यांच्या पद्धतीने नीट सांगतील. दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालात. मी दिवसभर दारात होते.”

मला वाटलं होतं की मी एका शब्दाची चूक केली. ती तर तिने जिन्यातच माफ केली होती. राहिलं होतं ते दुसरंच.

“गेला होतात ना?” तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. इतक्या वर्षांनी तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, “गेलो होतो. साहेब भेटले नाहीत.”

ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, “असू दे. तुम्ही गेलात एवढं पुरे.” तिचे डोळे भरून आले होते आणि चेहरा मात्र सुटल्यासारखा, हलका झाला होता. तिने सोललेला नारळ माझ्या हातात दिला, मी तो टोपलीत ठेवला. वहिनी जाऊन आता नऊ वर्षं झाली. मी तिला खरं सांगितलं नाही.